पाचवा जार

सोराफेनिब हे यकृताच्या आणि मूत्रपिंडाच्या बळावलेल्या कर्करोगावरचं औषध आहे. दोनशे मिलिग्रॅमच्या चार गोळ्या दिवसाला, म्हणजे महिन्याला १२० गोळ्या लागतात. २०१२ च्या सुरुवातीला जर्मनीच्या बायर कंपनीचं महिनाभराचं पाकीट भारतात २,८०,४२८ रुपयांना मिळत होतं. त्या वर्षी ९ मार्चला मुंबईच्या पेटंट कार्यालयातून एक आदेश निघाला. हैदराबादच्या नॅटको कंपनीला तेच औषध बनवण्याचा परवाना मिळाला आणि सोबत अट आली, की गोळीमागे ७४ रुपयांहून जास्त घ्यायचे नाहीत. म्हणजे महिन्याचं पाकीट ८,८८० रुपयांना. घटक तोच, मात्रा तीच, आणि किंमत जवळजवळ बत्तिसाव्या हिश्शावर.

एवढी तफावत पाहिली की आपल्या ओठावर पहिला शब्द येतो तो लोभ. पण नॅटको ही काही धर्मादाय संस्था नव्हती. ८,८८० रुपयांतही तिला नफा दिसत होता, म्हणून तर तिने परवान्यासाठी अर्ज केला होता. नफा दोघांनाही हवा होता. मग एकीचं गणित पावणेतीन लाखांच्या पुढे थांबतं आणि दुसरीचं नऊ हजारांच्या आत, हे कसं? अर्थशास्त्राकडे याचं फार नेटकं उत्तर आहे. सीमांत खर्च आणि सीमांत प्राप्ती या दोन कल्पनांवर ते उभं आहे. बारावीच्या पुस्तकात त्या आकृत्यांच्या रूपात भेटतात आणि परीक्षा झाली की विसरल्या जातात. पण त्या समजून घ्यायला आकृतीची गरज नाही. पाण्याच्या जारचा हिशेब पुरतो.

गल्लीतली दहा दुकानं

बाजारपेठेतली एक गल्ली डोळ्यांसमोर आणा. एप्रिलचे दिवस आहेत, नळाला पाणी नाही. गल्लीत दहा दुकानं आहेत आणि प्रत्येकाला दिवसाला वीस लिटरचा एकच थंड पाण्याचा जार हवा आहे. गरज मात्र सारखी नाही. खानावळवाल्याचं पाण्यावाचून दुकानच उघडणार नाही, तो जारचे १०० रुपयेही देईल. चहाची टपरी ९० पर्यंत जाईल. त्यापुढचं दुकान ८० पर्यंत, मग ७०, मग ६०, असं उतरत उतरत दहाव्या दुकानापर्यंत आलो की तिथे दहा रुपयांवर तयारी नाही, कारण त्या दुकानदाराचं घर मागच्याच आळीत आहे आणि तो घरून बाटली आणू शकतो.

आता विकणाऱ्याची बाजू. आणखी एक जार भरायचा, थंड करायचा आणि दुकानापर्यंत पोचवायचा तर वीज, पाणी आणि पोऱ्याची मजुरी मिळून ३० रुपये जादा लागतात. हाच सीमांत खर्च. 'सीमांत' म्हणजे कडेचा, शेवटच्या एका नगाचा. प्लांटचं भाडं, यंत्राचा हप्ता हे त्यात धरायचं नाही, कारण ते चार जार विकले काय किंवा आठ विकले काय, तेवढंच राहतं.

समजा गल्लीला पाणी देणारा एकच प्लांट आहे आणि त्याचा दर सगळ्यांना एकच आहे. खानावळवाल्याकडून १०० आणि शिंप्याकडून ५० असं त्याला करता येत नाही, कारण सगळे शेजारी आहेत आणि दर लपत नाही. त्याची जमा अशी होईल:

| दर (रुपये) | खपणारे जार | एकूण जमा | शेवटच्या जारने वाढलेली जमा |
|---|---|---|---|
| १०० | १ | १०० | १०० |
| ९० | २ | १८० | ८० |
| ८० | ३ | २४० | ६० |
| ७० | ४ | २८० | ४० |
| ६० | ५ | ३०० | २० |
| ५० | ६ | ३०० | ० |
| ४० | ७ | २८० | −२० |
| ३० | ८ | २४० | −४० |

शेवटचा रकाना म्हणजे सीमांत प्राप्ती. आणखी एक जार विकल्यामुळे एकूण जमेत पडलेली भर. या रकान्याकडे नीट पाहा, कारण सगळी गोम तिथे आहे. पहिली ओळ सोडली तर प्रत्येक ओळीत सीमांत प्राप्ती दरापेक्षा कमी आहे, आणि खाली जावं तशी ही फट रुंद होत जाते.

पाचव्या जारचं उदाहरण घ्या. पाचवं दुकान ६० रुपये द्यायला तयार आहे. मग विकणाऱ्याला ६० रुपये मिळायला हवेत, पण त्याच्या गल्ल्यात वीसच का वाढतात? कारण पाचव्याला घ्यायचं तर दर सत्तरावरून साठावर आणावा लागतो, आणि तो सगळ्यांसाठीच उतरतो. आधीची चार दुकानं जे ७० देत होती, तीही आता ६० देतात. चौघांकडून दहा-दहा गेले, म्हणजे ४० गेले. पाचव्याकडून ६० आले. हाती उरले २०.

आता विकणारा दोन आकडे शेजारी ठेवतो. पाचवा जार पोचवायला ३० खर्च, त्यातून जमा वाढणार २०. दहाचा तोटा. म्हणून तो चौथ्यावर थांबतो. चौथ्या जारने ४० मिळत होते आणि ३० लागत होते, तोवर ठीक होतं. चार जार, दर ७०, जमा २८०, खर्च १२०, प्लांटचं भाडं द्यायच्या आधी हाती १६०. पडताळून पाहायचं असेल तर तीन जारवर आणि पाच जारवर हिशेब करा. दोन्हीकडे १५० च येतात. सीमांत प्राप्ती सीमांत खर्चाच्या वर आहे तोवर पुढे जायचं आणि खाली गेली की थांबायचं, हा मक्तेदाराचा नियम.

यातून एक सर्वसाधारण गैरसमज दूर होतो. मक्तेदार वाटेल तो दर लावतो, असं आपण म्हणतो. तसं असतं तर त्याने १०० लावले असते. पण शंभराला एकच जार जातो आणि हाती सत्तरच उरतात. गिऱ्हाइकाची ऐपत आणि गरज यांच्या बाहेर मक्तेदारालाही जाता येत नाही. दर तो ठरवेल, पण मग किती माल खपेल हे गिऱ्हाईक ठरवतं.

दुसरी गोष्ट त्याहून विलक्षण आहे. पाणी फुकट असतं, पोऱ्याची मजुरीही लागली नसती, तरी हा विक्रेता सहाव्या जारच्या पुढे गेला नसता. सातव्या जारने त्याची जमा वाढत नाही, उलट वीस रुपयांनी घटते. फ्रान्सचा गणितज्ञ कूर्नो याने १८३८ मध्ये मक्तेदारीचा सिद्धान्त मांडताना नेमकं हेच उदाहरण घेतलं होतं: खनिजयुक्त पाण्याच्या झऱ्याचा एकटा मालक, ज्याला पाणी काढायला काहीच खर्च येत नाही. झरा अखंड वाहतो आहे, तरी मालक त्यातलं काही पाणीच विकायला काढतो. या कल्पनेला 'सीमांत प्राप्ती' या नावाने अर्थशास्त्रात पक्कं घर मिळालं ते जोन रॉबिन्सन यांच्या १९३३ च्या अपूर्ण स्पर्धेवरील पुस्तकामुळे. या जोनबाई त्याआधी, विसाच्या दशकात, काही काळ ग्वाल्हेरला राहिल्या होत्या. त्यांचे पती शिंदे घराण्याच्या बालराजाचे शिक्षक होते.

कांद्याची ट्रॉली

आता दुसऱ्या टोकाला जाऊ. निफाड तालुक्यातल्या लासलगावच्या बाजार समितीत लिलावाच्या दिवशी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांच्या रांगा लागतात. त्या रांगेतला एक शेतकरी घ्या. त्याने आज वीस क्विंटल कांदा आणला काय किंवा चाळीस आणला काय, लासलगावचा भाव त्याने हलत नाही. शेकडो ट्रॉल्यांत त्याची एक. जास्त कांदा खपवण्यासाठी त्याला भाव उतरवावा लागत नाही आणि भाव चढवून मागितला तर त्याच्यामागच्या ट्रॉलीकडे व्यापारी सरकतो. म्हणून प्रत्येक जादा क्विंटलचे त्याला तेवढेच पैसे मिळतात, जेवढा भाव आहे. त्याची सीमांत प्राप्ती म्हणजेच भाव. जारवाल्याच्या तक्त्यातली ती रुंदावणारी फट इथे नाहीच.

मग त्याच्या हातात काय उरतं? फक्त किती विकायचं हे. ते तो सीमांत खर्चावरून ठरवतो, आणि फार काटेकोरपणे ठरवतो. काढणीला आलेल्या उन्हाळ कांद्याचं एक शेत धरू. आकडे हिशेबापुरते आहेत. रोपं, खतं, औषधं, पाणी यांवर आधीच क्विंटलमागे ८०० रुपये गेले आहेत. आता मजूर लावून कांदा काढायचा, पात कापायची, प्रतवारी करायची, ट्रॉलीत भरून बाजारात न्यायचा, हमाली-तोलाई द्यायची, याला क्विंटलमागे आणखी ४०० लागतात. भाव ६०० असेल तर शेतकरी कांदा काढतो. एकूण बाराशे खर्चाच्या पिकात तो बुडतोच आहे, पण काढल्याने क्विंटलमागे २०० तरी परत येतात. भाव ३०० वर आला की तोच शेतकरी उभ्या पिकावर रोटाव्हेटर फिरवतो.

अशी बातमी वाचून शहरातला माणूस हळहळतो आणि विचारतो, की एवढं पिकवलेलं मातीत का घालायचं, निदान ३०० तरी मिळाले असते ना? पण ते ३०० मिळवायला ४०० घालावे लागले असते. आधीचे ८०० दोन्हीकडे गेलेलेच आहेत, ते या निर्णयात येत नाहीत. सीमांत खर्चाची कल्पना इतक्या कठोर रूपात दुसरीकडे क्वचित दिसते. स्पर्धेत भाव सीमांत खर्चाला टेकतो हे वाक्य पुस्तकात गोंडस वाटतं. विकणाऱ्याच्या बाजूने ते कसं वाटतं, हे कांदा उत्पादकाला विचारावं.

लासलगावचा बाजार पूर्ण स्पर्धेचं आदर्श रूप आहे, असं मात्र म्हणता येणार नाही. विकणारे असंख्य आहेत, पण घेणारे व्यापारी त्या मानाने मोजके. घेणारे मोजके असले की ते भाव खाली दाबू शकतात, आणि तो मक्तेदारीचाच आरशातला चेहरा आहे. शेतकऱ्याच्या बाजूपुरतं बोलायचं तर मात्र पूर्ण स्पर्धेच्या एवढं जवळ जाणारं दुसरं उदाहरण आपल्याकडे सापडणं अवघड.

चाळीस रुपये कोणाचे गेले?

पुन्हा गल्लीत येऊ. गल्ली तीच, दहा दुकानं तीच, जारचा खर्च तोच ३० रुपये. फक्त प्लांट एक नाही, आजूबाजूला बरेच आहेत आणि पाणी सगळ्यांचं सारखंच आहे.

समजा चार प्लांट ७० रुपयांनी एकेक जार देत आहेत. पाचवा प्लांटवाला गल्लीत शिरतो. पाचवं दुकान ६० द्यायला तयार आहे आणि त्याला खर्च ३०. तो जार देतो आणि ३० कमावतो. बाकीच्या चौघांनाही मग दर साठावर आणावा लागतो आणि त्यांच्या हातचे दहा-दहा जातात. म्हणजे मघाचे ४० रुपये इथेही गेलेच. पण ते पाचव्या प्लांटवाल्याचे गेले नाहीत, दुसऱ्यांचे गेले. त्याच्या हिशेबात ते येतच नाहीत.

मला वाटतं, या सगळ्या विषयाचं मर्म या एका जागी आहे. एकट्या विक्रेत्याने दर उतरवला की आधीच्या गिऱ्हाइकांवरचं नुकसान त्याचं स्वतःचं असतं, म्हणून तो हात आखडतो. अनेक विक्रेते असले की तेच नुकसान शेजाऱ्याचं होतं, म्हणून कोणीही हात आखडत नाही. दोन्हीकडची माणसं सारखीच हिशेबी आहेत. बाजाराची रचना बदलली की त्याच हिशेबाचं उत्तर बदलतं.

मग दर साठावर टिकत नाही. कोणीतरी ५० ला सहावं दुकान गाठतो, कोणी ४० ला सातवं. ही घसरण ३० वर थांबते, कारण त्याखाली जार देणं म्हणजे पदरचे घालणं. दर ३०, जार आठ. मक्तेदारीत होतं दर ७०, जार चार. अर्ध्याहून कमी दर आणि दुप्पट पाणी.

तीसच रुपये मिळाले तर प्लांटचं भाडं कशातून निघणार, ही शंका रास्त आहे. खऱ्या जगात सीमांत खर्च सपाट नसतो. यंत्र त्याच्या ताकदीपर्यंत चालवलं की पुढचा जार महाग पडू लागतो आणि दर त्या चढत्या खर्चाला जाऊन भिडतो. भाडंही निघत नसेल तर काही प्लांट बंद पडतात आणि उरलेल्यांचं कसंबसं भागेल इतका दर वर येतो. आपण तुलना स्पष्ट दिसावी म्हणून खर्च सपाट धरला आहे.

आता दोन्ही चित्रांतला फरक पैशांत मोजू. खानावळवाला १०० द्यायला तयार होता आणि त्याला ३० ला जार मिळाला, म्हणजे त्याचे ७० वाचले. टपरीवाल्याचे ६० वाचले, त्यापुढच्याचे ५०. आठही दुकानांची बेरीज केली तर स्पर्धेत गिऱ्हाइकांचे २८० वाचतात. मक्तेदारीत चारच दुकानं घेतात आणि त्यांचे मिळून ६० वाचतात. गेले २२०. यातले १६० कुठे गेले ते आपल्याला माहीत आहे: ते प्लांटवाल्याचा नफा झाले. या खिशातून त्या खिशात. ते बरोबर की चूक, यावर वाद घालता येईल. पण उरलेले ६० कुठे आहेत?

ते कुठेच नाहीत. पाचव्या दुकानाला जार ६० मोलाचा होता आणि ३० मध्ये तयार होत होता. ते ३० रुपयांचं सुख तयारच झालं नाही. सहाव्याचे २०, सातव्याचे १० तसेच विरून गेले. प्लांटवाल्याला ते मिळाले नाहीत, दुकानदारालाही नाहीत, सरकारलाही कराच्या रूपाने आले नाहीत. मक्तेदारीवर बोलताना आपण नेहमी लुटीबद्दल बोलतो. तिची खरी हानी या न झालेल्या व्यवहारांत असते. जो ७० देऊन जार घेतो तो निदान तक्रार तरी करतो. जो दर ऐकून परत गेला त्याची नोंद कोणाच्याच वहीत नसते.

औषधाच्या दुकानातून परत गेलेले

सोराफेनिबच्या खटल्यात मात्र ती नोंद झाली, आणि म्हणूनच तो खटला मला महत्त्वाचा वाटतो. बायरला भारतात २००८ च्या मार्चमध्ये पेटंट मिळालं. पेटंट म्हणजे ठरावीक मुदतीचा कायदेशीर मक्ता. १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम ८४ नुसार तीन वर्षांनंतर कोणीही अनिवार्य परवाना मागू शकतो, आणि त्यासाठी तीन प्रश्न तपासले जातात. लोकांची गरज भागते आहे का? परवडेल अशा किमतीत वस्तू मिळते का? पेटंटचा वापर भारतात होतो आहे का? पहिला प्रश्न सरळ उत्पादनाचा आहे आणि दुसरा किमतीचा. आपल्या तक्त्यातले दोन रकानेच कायद्याने विचारले आहेत.

पेटंट नियंत्रकांसमोर आकडे आले तेव्हा दिसलं, की ज्यांना या औषधाची गरज होती त्यांतल्या दोन टक्क्यांहून थोड्याच अधिक रुग्णांपर्यंत बायरचं औषध पोचत होतं. गल्लीच्या गणितात निम्मे जार अडले होते. इथे शंभरातले सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव. अडवणारं कोणी दारात उभं नव्हतं, फक्त किंमत उभी होती.

एवढ्या चढ्या दराचं कारणही सीमांत हिशेबात सापडतं. दर उतरवून जिथे गिऱ्हाईक फारसं वाढत नाही, तिथे मक्तेदार दर चढा ठेवतो. प्राण वाचवणाऱ्या औषधासाठी ज्याच्याकडे पैसे आहेत तो देतोच. ज्याच्याकडे नाहीत त्याच्यापर्यंत पोचायचं तर दर थोडा उतरवून भागत नाही, तो पार कोसळवावा लागतो आणि मग वरच्या श्रीमंत गिऱ्हाइकांवरची कमाई बुडते. शिवाय जगभर औषध विकणारी कंपनी फक्त भारताचं गणित करत नाही. एका देशात दर पाडला तर दुसऱ्या देशांतही तोच मागितला जाईल, ही धास्ती असते. मघाच्या चौघांकडून जाणारे ते दहा-दहा रुपये इथे साऱ्या जगातून जातात.

बायरची मक्तेदारी अगदी निर्भेळ नव्हती, हेही सांगायला हवं. सिप्ला २०१० पासून तेच औषध सुमारे ३० हजारांना विकत होती आणि बायरने तिच्यावर पेटंटभंगाचा दावा लावला होता. सिप्लामुळेही गरज भागते, हा बायरचा युक्तिवाद नियंत्रकांनी मानला नाही, कारण ज्या विक्रीला बायर स्वतः कोर्टात थांबवू पाहत होती तिचं श्रेय तिलाच कसं देणार? नॅटकोला परवाना मिळाल्यावर पुढच्या दोन महिन्यांत सिप्लानेही आपला दर सुमारे २८ हजारांवरून सात हजारांच्या आत आणला. पाचवा प्लांटवाला गल्लीत शिरल्यावर जे होतं, ते इथे कागदोपत्री झालेलं दिसतं. सिप्लाचा सीमांत खर्च त्या दोन महिन्यांत काही चौपटीने उतरला नसेल.

बायरने दाद मागितली. अपीलात स्वामित्वशुल्क सहा टक्क्यांवरून सात टक्के झालं, पण परवाना कायम राहिला. २०१४ च्या जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बायरची याचिका फेटाळली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला.

दर बांधला तर माल वाढतो?

या गणितातून आणखी एक उत्तर मिळतं, जे ऐकून बहुतेकांना आश्चर्य वाटतं. दरावर सरकारी मर्यादा घातली की माल गायब होतो, असं आपण ऐकत आलो आहोत. स्पर्धेच्या बाजारात ते खरं आहे. तीस रुपये खर्चाच्या जारवर २० ची मर्यादा घातली तर जार मिळणारच नाही. पण एकट्या प्लांटवाल्यावर ४० ची मर्यादा घाला आणि पाहा. आता पहिला जारही ४० लाच द्यायचा आहे, सातवाही ४० लाच. पुढच्या गिऱ्हाइकासाठी दर उतरवण्याचा प्रश्नच राहिला नाही, म्हणून सातव्या जारपर्यंत प्रत्येक जारची सीमांत प्राप्ती पूर्ण ४० होते. खर्च ३०, म्हणजे प्रत्येक जारवर दहा उरतात. तो सात जार विकतो. आधी चार विकत होता. दर उतरला आणि माल वाढला.

सोराफेनिबच्या आदेशातली गोळीमागे ७४ रुपयांची अट याच जातीची होती. अर्थात मर्यादा सीमांत खर्चाच्या वर हवी आणि तो खर्च ठरवणाऱ्याला ठाऊक हवा. कंपन्या तो सहसा सांगत नाहीत. मर्यादा फार खाली गेली तर मक्तेदारही हात झटकतो. मर्यादा जागेवर बसली की नाही, हे ओळखायची खूण साधी आहे. दर बांधल्यावर दुकानातला माल वाढला तर आधी मक्तेदारी होती आणि मर्यादा योग्य जागी आहे. माल आटला तर ती चुकली आहे.

तुलनेची मर्यादा

एवढं सगळं म्हणताना एक गोष्ट आपण गृहीत धरली: दोन्ही बाजारांत खर्च सारखा. पुष्कळदा तो नसतो. विजेच्या तारा एकाच गल्लीतून दहा कंपन्यांनी ओढल्या तर प्रत्येक घराचा खर्च वाढेल. तिथे एकच पुरवठादार आणि त्याच्यावर नियामक, हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो.

औषधाच्या बाबतीत गाठ अधिक अवघड आहे. गोळी बनवण्याचा सीमांत खर्च थोडा असतो, पण ती गोळी शोधून काढण्याचा खर्च अवाढव्य असतो आणि तो सीमांत खर्चात येत नाही. पहिल्या दिवसापासून किंमत सीमांत खर्चाला टेकली तर संशोधन कोण करणार? म्हणून समाज संशोधकाला काही वर्षांचा मक्ता देतो आणि त्या काळात काही गिऱ्हाइकं परत जातील हे जाणूनबुजून स्वीकारतो. पेटंट ही सौदेबाजी आहे. सौदा म्हटला की त्यात मोजमाप आलं. परत जाणारे किती असावेत, याला हद्द हवी. शंभरातले अठ्ठ्याण्णव परत जात असतील तर सौदा मोडला, असं आपल्या कायद्याने त्या दिवशी म्हटलं, आणि ते बरोबर म्हटलं असं माझं मत आहे.

पुढच्या वेळी एखाद्या वस्तूचा एकच विक्रेता असेल आणि दरावरून वाद चालू असेल, तर दोन प्रश्न विचारा. आणखी एक नग बनवायला त्याला किती लागतं? आणि दर ऐकून किती जण रिकाम्या हाताने परत गेले? पहिल्या प्रश्नाचं उत्तर कंपनीच्या वहीत असतं, ते मागून घ्यावं लागतं. दुसऱ्याचं कोणाच्याच वहीत नसतं, ते आपल्यालाच मोजावं लागतं. मुंबईच्या त्या आदेशाने ते मोजलं, आणि त्यात एक कलमही घातलं: नॅटकोने दरवर्षी किमान ६०० गरजू रुग्णांना हे औषध मोफत द्यावं. गल्लीच्या हिशेबात बसायचं तर ती नववी-दहावी दुकानं होती, ज्यांना ३० रुपयेही परवडत नव्हते.